गणपतीला गावी निघालात? नोटीस अशी लिहा

समजा, ठाण्यात तुमचा घरगुती केकचा व्यवसाय आहे आणि गणपतीला तुम्ही कोकणात चाललात. 'गणपतीनिमित्त बंद' एवढं लिहून भागत नाही. तुमचा गणपती दीड दिवसाचा की गौरींबरोबर जाणारा, हे ग्राहकाने कसं ओळखायचं? त्यापेक्षा असं लिहा:

'मंगळवार, २६ ऑगस्ट ते बुधवार, ३ सप्टेंबर बंद. गुरुवार, ४ सप्टेंबरपासून ऑर्डर घेऊ, पहिला केक शुक्रवारी, ५ तारखेला मिळेल. तातडीच्या केकसाठी फोन (नंबर), सकाळी १० ते १२. फक्त अर्धा किलो, एक दिवस आधी.'

दुकान उघडणं आणि माल हातात पडणं यात फरक असतो, म्हणून दोन्ही तारखा हव्यात. तातडीचा नंबर मात्र तुमचा नको! गावातून तुम्ही केक कसा देणार? ठाण्यातच थांबणाऱ्या, केक करणाऱ्या मैत्रिणीला आधी विचारा, दर ठरवा, मगच तिचा नंबर टाका.

व्हॉट्सॲप बिझनेसवर Away message लावाल, पण फोनला इंटरनेट असेल तरच तो जातो. गावात रेंज नसली की ग्राहकाला उत्तरच मिळत नाही. त्यामुळे हीच नोटीस नेहमीच्या ग्राहकांना आठवडाभर आधी पाठवून ठेवा.