कच्चा माल महागला, पुरवठा अडला. ‘फोर्स मेजर’ म्हणून करारातून सुटता येतं का?

बेळगावची फौंड्री असो, इचलकरंजीचा यंत्रमाग असो की गोव्यातला बांधकाम ठेकेदार, पुरवठ्याच्या करारात शेवटच्या पानावर एक परिच्छेद हमखास असतो. पूर, भूकंप, युद्ध, दंगल, साथ, संप, सरकारी आदेश अशी लांबलचक यादी आणि शेवटी ‘किंवा आवाक्याबाहेरची इतर कोणतीही घटना’. हाच फोर्स मेजर क्लॉज. सही करताना तो कुणी वाचत नाही. भाव भडकले की मात्र सगळ्यांना तोच आठवतो. प्रश्न एवढाच, की भाव भडकणं ही त्यातली घटना ठरते का?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर बहुतेक वेळा नाही. का, ते एका उदाहरणाने पाहू.

हिशेब आधी

समजा, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीने कोल्हापूरच्या पंप कारखान्याशी वर्षभराचा करार केला आहे. दरमहा ४० टन कास्टिंग, दर किलोला ११० रुपये, वर्षभर कायम. फौंड्रीचा खर्च किलोला १०२ रुपये, म्हणजे सुटतात ८ रुपये. पाच महिने सुरळीत गेले. मग पिग आयर्न, भंगार आणि कोक एकदम महागले आणि खर्च १२० रुपयांवर गेला. आता किलोमागे १० रुपये तोटा, महिन्याला ४ लाख. उरलेल्या सात महिन्यांचे २८ लाख.

मालक कोल्हापूरला पत्र पाठवतो : ‘भाववाढ आमच्या हाताबाहेरची आहे, सबब फोर्स मेजर लागू, पुरवठा बंद.’

हाताबाहेरची आहे हे खरंच. पण क्लॉज तेवढंच विचारत नाही. घटनेमुळे काम करणं अशक्य झालं, किंवा अटळपणे लांबलं, हे दाखवावं लागतं. पिग आयर्न बाजारात आहे, भट्टी चालू आहे, कामगार हजर आहेत. काम होतंय, फक्त परवडत नाही. आणि न परवडणं वेगळं, न होणं वेगळं.

न्यायालयांनी काय म्हटलंय?

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला १९६० सालचा अलोपी प्रसाद प्रकरणाचा. लष्कराला तूप पुरवण्याच्या व्यवस्थेत काम करणाऱ्या एजंटांनी, महायुद्धाने परिस्थिती पार बदलली म्हणून वाढीव मोबदला मागितला. न्यायालयाने नकार दिला. अनपेक्षित घटनांनी करार पार पाडणं जड झालं, भाव असाधारण चढले वा पडले, एवढ्याने करार संपत नाही आणि न्यायालय नवा दर ठरवून देत नाही, हे तिथे स्पष्ट झालं.

दुसरा ११ एप्रिल २०१७ चा, एनर्जी वॉचडॉग प्रकरणाचा. गुजरातेत मुंद्रा इथल्या वीज प्रकल्पांनी इंडोनेशियाच्या स्वस्त कोळशाचा हिशेब धरून विजेचे दर दिले होते. इंडोनेशियाने नियम बदलले, कोळसा आंतरराष्ट्रीय भावाने घ्यावा लागू लागला. कंपन्यांनी फोर्स मेजर पुढे केलं. न्यायालयाने करार उघडून पाहिला. कोळसा इंडोनेशियाचाच आणि अमुकच भावाने, असं वीज खरेदी करारात कुठेच नव्हतं. उलट इंधनाच्या खर्चातला बदल फोर्स मेजरमध्ये धरायचा नाही, हे त्यात लिहिलेलं होतं. कोळसा मिळत होता, महाग मिळत होता इतकंच. दावा गेला.

या निकालात कायद्याची मांडणीही साफ आहे. घटना करारात लिहिलेली असेल तर भारतीय करार कायद्याचं कलम ३२ पाहायचं, म्हणजे आधार कराराच्या शब्दांचा. लिहिलेली नसेल तर कलम ५६, म्हणजे करार पार पाडणं खरोखर अशक्य झालं का, ही कडक कसोटी. १८७२ चा हा कायदा बेळगाव, कोल्हापूर, पणजी सगळीकडे तोच आहे. राज्य बदललं म्हणून उत्तर बदलत नाही.

आणि पुरवठाच अडला तर?

इथे उत्तर ‘नाही’ इतकं सरळ नाही. समजा, भाव तोच आहे, पण फौंड्रीला पिग आयर्न देणारा गोव्यातला कारखाना बंद पडला. पहिला प्रश्न येईल : दुसरीकडून माल मिळतो का? बळ्ळारी-कोप्पळ पट्ट्यातून मिळत असेल, तर वाहतूक महाग पडली तरी घ्यावा लागेल. आपला पुरवठादार अडचणीत आला ही सहसा आपली जोखीम असते, गिऱ्हाइकाची नव्हे.

करारात मात्र ‘अमुक कारखान्याचंच पिग आयर्न वापरायचं’ असं लिहिलेलं असेल, तर चित्र पालटतं. दुसरा मार्ग करारानेच बंद केलेला असतो. तसंच सरकारने त्या मालाच्या वाहतुकीवर वा विक्रीवर बंदी घातली, तर तो निव्वळ भावाचा प्रश्न राहत नाही.

रस्ता बंद पडला तर? ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद होता. तयार माल अशा वेळी अडकला, तर क्लॉजमध्ये ‘पूर’ किंवा ‘विलंब’ असेल तेवढ्या दिवसांची मुदत मिळू शकते. मुदतच मिळते; करार रद्द होत नाही, दरही वाढत नाही. आणि माल पुराआधीच द्यायचा राहिला होता, तर पुराकडे बोट दाखवून उपयोग नाही. विलंब पुराने नव्हे, आधीच झालेला असतो.

कोविडच्या काळातही हेच दिसलं. कोरियाहून पोलाद मागवणारे आयातदार लॉकडाऊनचं कारण देत एप्रिल २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांना दिलासा मिळाला नाही. क्लॉज फक्त विक्रेत्याच्या बाजूने लिहिलेला होता, पोलाद अत्यावश्यक सेवेत होतं आणि लॉकडाऊन मर्यादित काळाचा होता.

चुकीचं पत्र किती महाग पडतं?

परत आपल्या फौंड्रीकडे. पुरवठा बंद केल्यावर कोल्हापूरच्या कारखान्याने बाजारातून १२५ रुपयांनी कास्टिंग घेतलं, तर फरक किलोला १५ रुपये. महिन्याला ६ लाख, सात महिन्यांचे ४२ लाख. कलम ७३ खाली हा फरक भरपाई म्हणून मागता येतो. म्हणजे २८ लाखांचा तोटा टाळायला गेलेला मालक ४२ लाखांच्या दाव्यात सापडतो.

म्हणून पत्र लिहिण्याआधी क्लॉज शब्दश: वाचा. ‘अशक्य’ लिहिलंय की ‘विलंब’ही आहे? नोटिशीची मुदत किती? सात दिवस असेल आणि आपण महिन्याने कळवलं, तर खरी आपत्तीही हातची जाऊ शकते. दुसरीकडे मालासाठी केलेल्या चौकशा, आलेले दर, रस्ता बंदीचा आदेश, सगळं जपून ठेवा. नुसतं भावाचंच दुखणं असेल, तर फोर्स मेजर हा शब्द न वापरता दर वाढवून मागा. गिऱ्हाइकालाही बाहेर १२५ नेच घ्यावं लागणार असेल, तर ११८ ला तडजोड त्याच्याही फायद्याची. ठरलं की लेखी घ्या.

खरं औषध पुढच्या करारात आहे. भावातल्या चढउताराचा स्वतंत्र क्लॉज घाला : कोणत्या महिन्याचा भाव पायाभूत, भाव कुठून घ्यायचा, किती टक्क्यांपुढे दर बदलायचा आणि कितीने. उदाहरणार्थ, कच्चा माल ५ टक्क्यांहून जास्त हलला तर वरचा फरक कास्टिंगच्या दरात धरायचा, वाढला तर वाढवून, उतरला तर उतरवून. दोन्ही बाजूंनी चालणारी अट असली की गिऱ्हाईकही सहसा सही करतं.