परातीतला चार्ज, मापातले व्होल्ट

स्वयंपाकघरात गॅस पेटवायला आपण जो ‘खट्’ वाजणारा लायटर वापरतो, त्यात ना सेल असतो ना वायर. अंगठ्याने दांडा दाबला की आतली स्प्रिंग आवळत जाते, एका क्षणी सुटते आणि एक चिमुकला हातोडा सिरॅमिकच्या बोटभर दाण्यावर आदळतो. त्या धक्क्याने दाण्याच्या दोन टोकांमध्ये काही हजार व्होल्ट उभे राहतात आणि ठिणगी पडते. दाबल्यावर वीज देण्याचा काही स्फटिकांचा हा गुण पिएर आणि जाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. त्याचं नाव पिझोइलेक्ट्रिक परिणाम.

ठिणगीपुरतं हे ठीक आहे. पण याच गुणावर बल मोजायचं म्हटलं, की अडचण सुरू होते. प्रेसवर बुश बसवताना किती जोर लागला, हे मोजायला रॅमखाली क्वार्ट्झची रिंग ठेवतात. दिसायला जाड वॉशर, आत क्वार्ट्झच्या चकत्या. अशी रिंग दर न्यूटनला साधारण ४ पिकोकुलोम चार्ज देते. तिच्यावर सिमेंटची पन्नास किलोची गोणी ठेवली, तर बल झालं सुमारे ५०० न्यूटन आणि चार्ज २००० पिकोकुलोम. आकडा मोठा वाटतो, पण टॉर्चच्या बल्बमधून ०.२ अँपिअर वाहत असतील तर एवढा चार्ज सेकंदाच्या दहा कोटीव्या भागात निघून जातो. गोणी कितीही वेळ ठेवा, रिंग याहून जास्त काही देणार नाही. वजन पडताना एकदाच देते आणि वजन उचलताना तेवढाच उलट्या दिशेने परत घेते.

आता रिंगला साधा मल्टिमीटर लावून बघा. गोणी ठेवली की आकडा किंचित हलतो न हलतो आणि शून्यावर येतो. गोणी उचलली की उलट्या दिशेने तसाच हलतो. मधल्या वेळात गोणी रिंगवरच होती, पण मीटरला ती दिसलीच नाही. मल्टिमीटरचा अंतर्गत रोध असतो १ कोटी ओहमच्या आसपास. एरवी हा रोध भरपूर वाटतो, पण एवढ्याशा चार्जला ती मोकळी वाट आहे. हजारांश सेकंदात बहुतेक चार्ज त्यातून ओसरून जातो.

मग गळती होऊच न देणारा मीटर वापरला तर? तसे इलेक्ट्रोमीटर पूर्वी वापरायचेच. पण पुढे दुसरी अडचण उभी राहते आणि ती जास्त खोडसाळ आहे. चार्ज आहे म्हणून व्होल्ट किती, हे तो चार्ज किती मोठ्या भांड्यात पडला यावर ठरतं. तांब्याभर पाणी अरुंद पेल्यात ओतलं तर काठापर्यंत येतं, परातीत ओतलं तर बोटभरही चढत नाही. विजेच्या दुनियेत या भांड्याला कपॅसिटन्स म्हणतात आणि साधी केबलसुद्धा असं एक भांडं असते. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. रिंगचे स्वतःचे ३० धरू. एक मीटर केबल लावली तर भांडं १३० पिकोफॅरडचं आणि आपल्या गोणीचे होतात १५ व्होल्ट. पाच मीटर केबल लावली तर भांडं ५३० चं आणि तीच गोणी ४ व्होल्टांच्याही खाली. गोणी तीच, रिंग तीच. फक्त टेबल जरा लांब सरकवलं. केबल बदलली की सगळं कॅलिब्रेशन पुन्हा करायचं, हा प्रकार कारखान्यात कोण चालवून घेणार?

यावरचा तोडगा स्वित्झर्लंडचे इंजिनिअर वॉल्टर किस्लर यांनी काढला. १९५० साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. तोडगा म्हणजे चार्ज अँप्लिफायर. नाव थोडं फसवं आहे, कारण तो चार्ज वाढवत नाही. तो चार्ज परातीतून उचलून मापात भरतो.

परात आणि मापाचंच उदाहरण पुढे नेऊ. पाणी परातीत पडतंय, पण परातीशेजारी एक डोळ्यात तेल घालून बसलेला माणूस आहे. परातीत पातळी केसभर चढली रे चढली की तो तेवढं पाणी उपसून खुणा केलेल्या अरुंद मापात ओततो. परात कायम कोरडी. मग ती लहान आहे की मोठी, याला काही अर्थच उरत नाही. किती पाणी आलं ते मापावर वाचायचं.

हा माणूस म्हणजे ऑप-अँप आणि हे माप म्हणजे त्याच्या आउटपुटपासून परत इनपुटला जोडलेला कपॅसिटर. फीडबॅक कपॅसिटर. रिंगकडून चार्ज आला की इनपुटचं व्होल्टेज हलू पाहतं. ऑप-अँप ती हालचाल लाखपटीने वाढवून आउटपुट उलट दिशेला ढकलतो आणि फीडबॅक कपॅसिटरमधून नेमका तेवढा चार्ज ओढून घेतो, की इनपुट पुन्हा शून्यापाशी येऊन थांबतो. सगळा चार्ज आता फीडबॅक कपॅसिटरवर. तो १००० पिकोफॅरडचा असेल तर आपल्या २००० पिकोकुलोमचे सरळ भागाकाराने २ व्होल्ट. दिशा उलटी होते हे खरं, पण यातल्या बऱ्याच क्वार्ट्झ सेन्सरमध्ये चकत्या मुद्दाम अशा बसवतात की दाबल्यावर ऋण चार्ज मिळावा. म्हणजे शेवटी वाचन धनच येतं.

केबलचं काय झालं, ते आकड्यात बघण्यासारखं आहे. आउटपुटला २ व्होल्ट आणि ऑप-अँपची वाढ लाखपट, म्हणजे इनपुट शून्यापासून हलला फक्त २० मायक्रोव्होल्ट. पाच मीटर केबलच्या ५३० पिकोफॅरडवर एवढ्याशा व्होल्टेजने साठतो ०.०१ पिकोकुलोम. दोन हजारातला हा वाटा दोन लाखांत एक. केबल एक मीटरची लावा नाहीतर पाचची, मीटरवर २ व्होल्टच.

आणि हे २ व्होल्ट टिकतात, कारण चार्ज ज्या कपॅसिटरवर बसलाय त्याच्या आसपास निसटायला वाट ठेवलेली नाही. आउटपुटला मल्टिमीटर लावला तरी त्याला लागणारा प्रवाह ऑप-अँप आपल्या वीजपुरवठ्यातून देतो. मापातल्या थेंबालाही हात लागत नाही. मोजणी सुरू करण्याआधी एक स्विच कपॅसिटरची दोन टोकं जोडून तो रिकामा करतो. या यंत्रांवर रीसेट आणि ऑपरेट अशा ज्या दोन खुणा असतात, त्या त्याच स्विचच्या.

पण टिकतात म्हणजे कायम टिकतात असं नाही. याचा धडा मला भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये मिळाला. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. प्रेस रिकामी उभी आणि मीटरवरचा आकडा मात्र चढतोय. सेकंदाला १ मिलिव्होल्ट, संथ आणि एकाच दिशेने. मिनिटाला ६० मिलिव्होल्ट म्हणजे १५ न्यूटन. कुणी काही न दाबता! ऑपरेटर म्हणाला, “साहेब, रिंग गेली बहुतेक.” एवढ्यावरून कुणी नवीन रिंग मागवायला जाऊ नये, ती महाग असते. खरं बल असं वागत नाही. ते प्रेसच्या फेऱ्यांबरोबर चढतं आणि उतरतं. घड्याळासारखा एकाच दिशेने सरकणारा आकडा म्हणजे गळती, आणि गळती कुठे आहे ते दोन मिनिटांत कळतं. आम्ही अँप्लिफायरमधून केबल काढली, इनपुटवर टोपण बसवलं, रीसेट केलं. आकडा जागच्या जागी. म्हणजे अँप्लिफायर ठणठणीत. मग केबल परत लावून तिचं रिंगकडचं टोक सोडलं. आकडा पुन्हा सरकू लागला. दोष केबलमध्ये, रिंगमध्ये नाही.

कनेक्टर उघडून पाहिला तर मधल्या पिनेभोवतीच्या पांढऱ्या इन्सुलेशनवर बोटांच्या तेलाचा मंद तुकतुकीत थर, त्यावर पावसाळी ओल. तिथे रोध दहा लाख कोटी ओहमच्या घरात हवा. तो उतरून शंभर कोटींवर आला असला तरी साध्या मीटरला काहीच बिघडलेलं दिसत नाही.

इथे चौकस वाचक विचारेल, की परात जर कोरडीच असते तर तिला भोक पडून काय बिघडलं? प्रश्न बरोबर आहे. गोम अशी, की ती पूर्ण कोरडी नसते. ऑप-अँपच्या घडणीत थोडा फरक राहतोच आणि तो ज्याला शून्य समजतो ते खऱ्या शून्यापासून एखाद-दुसरा मिलिव्होल्ट बाजूला असतं. म्हणजे आपला माणूस परातीत केसभर पाणी राखून असतो. परात अखंड असेल तर त्याने काही होत नाही. भोक पडलं की ते केसभर पाणी सतत झिरपतं आणि पातळी राखायला त्याला सतत हालचाल करावी लागते. मापातला आकडा त्यामुळे सरकतो. १ मिलिव्होल्ट आणि शंभर कोटी ओहम म्हणजे सेकंदाला १ पिकोकुलोम, आणि आपल्या १००० पिकोफॅरडवर सेकंदाला १ मिलिव्होल्ट. आम्ही पाहिलं ते हेच.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने कनेक्टर पुसला, कोमट हवेने वाळवला, आकडा थांबला. त्या दिवसापासून तिथे सुटलेल्या प्रत्येक टोकाला टोपण असतं आणि मधल्या पिनेला कुणी बोट लावत नाही. केबल मात्र आणखी एका कारणाने त्रास देते. ती हलली की आतल्या थरांच्या घर्षणाने स्वतःच चार्ज निर्माण करते आणि अँप्लिफायरला तो बलाचा चार्ज वाटतो. म्हणून या कामाच्या केबलमध्ये ग्रॅफाइटचा थर असतो आणि ती जागोजागी बांधून ठेवायची असते. टीव्हीची केबल कापून जोडायची हौस इथे नको.

सगळं स्वच्छ असूनही थोडी गळती राहतेच. चांगल्या अँप्लिफायरमध्ये ती सेकंदाला ०.०३ पिकोकुलोमच्या आसपास असते. आपल्या गोणीच्या हिशेबात मिनिटाला अर्धा न्यूटनही नाही, पण तासाला २७ न्यूटन. म्हणून नुसती कंपनं मोजायची असतील तेव्हा कपॅसिटरला समांतर एक प्रचंड रोध जोडतात. जुना चार्ज त्यातून हळूहळू ओसरतो आणि आकडा सरकत सरकत पार टोकाला जात नाही. १००० पिकोफॅरडबरोबर हजार कोटी ओहम लावले की वेळ ठरते १० सेकंद. पण ही मांडणी चालू ठेवून कुणी गोणी मोजायला गेलं तर पहिल्याच सेकंदात जवळपास दहावा हिस्सा जातो आणि १० सेकंदांनी २ व्होल्टचे पाऊण व्होल्टही उरत नाहीत. खूण ओळखायला सोपी आहे. गोणी उचलली की आकडा शून्यावर न थांबता खाली, उणे सव्वा व्होल्टापर्यंत जातो. असं दिसलं की रिंगला दोष देऊ नका, टाइम कॉन्स्टंटचा स्विच ‘लाँग’वर करा.

बुश बसायला एक-दोन सेकंद लागतात. तिथे क्वार्ट्झ आणि चार्ज अँप्लिफायरची जोडी चोख काम देते, अट एवढीच की प्रत्येक फेरीआधी रीसेट व्हायला हवं. पाण्याच्या टाकीचं वजन महिनाभर बघायचं असेल, तर मात्र तिथे स्ट्रेन गेजचा लोड सेलच लावा.