एक मोती, अनेक मोती
वचन आणि लिंग : भाग 4

मागच्या भागात नामाचे लिंग ओळखायला आपण त्याच्याआधी 'मोठा, मोठी, मोठे' लावून पाहिले होते. आज तीच खूण हाताशी धरून वचन बदलायचे आहे. मराठीत अनेकवचन नामाच्या लिंगावर ठरते आणि हैदराबादच्या मराठी मुलांचे नेमके इथेच अडते.

घराबाहेर त्यांच्या कानावर तेलुगू आणि दखनी पडते. तेलुगूत 'पुस्तकं–पुस्तकालु', 'चेट्टु–चेट्लु' असा बहुतेक नामांच्या शेवटी 'लु' येतो. दखनीतही 'लोगाँ, बाताँ, किताबाँ' असा एकच 'आँ' पुल्लिंगी-स्त्रीलिंगी दोन्ही शब्दांना चालतो. मराठीत मात्र एका 'अ'कारान्त शब्दालाच चार वाटा फुटतात. म्हणून आजचे शब्द मुलांच्या ओळखीच्या जागेतून, चारमिनारच्या परिसरातून घेऊ.

सराव 1 : वचन बदला
घुमट, दुकान, कमान, वीट

घुमट – घुमट. 'मोठा घुमट', म्हणजे पुल्लिंग. पुल्लिंगी 'अ'कारान्त नाम अनेकवचनात बदलत नाही. बदल विशेषणात आणि क्रियापदात दिसतो : मोठे घुमट दिसले. 'देव, दगड, मोर' हे शब्दही असेच.

दुकान – दुकाने. 'मोठे दुकान', म्हणजे नपुंसकलिंग. शेवटी 'ए' येतो. हिंदीत दुकान आणि पुस्तक दोन्ही स्त्रीलिंगी असल्याने मुले 'मोठी दुकान' म्हणतात. लिंग असे चुकले की अनेकवचनही हमखास चुकते.

कमान – कमानी. वीट – विटा. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही 'अ'कारान्त, तरी एकीला 'ई' आणि दुसरीला 'आ'. कुठे काय येईल हे सांगणारा पक्का नियम नाही. भिंत, गोष्ट, इमारत, मशीद यांना 'ई' लागते, तर सून, चूक, माळ, तारीख यांना 'आ'. दखनी कानाला 'आ' जवळचा वाटतो, म्हणून 'भिंता', 'गोष्टा' अशी रूपे सहज तोंडी येऊ शकतात. असे शब्द जोडीनेच पाठ करावेत : भिंत–भिंती, माळ–माळा.

इथे लेखनाचीही एक चूक होते. वीट, सून, चूक, मशीद यांतला दीर्घ स्वर अनेकवचनात ऱ्हस्व होतो : विटा, सुना, चुका, मशिदी. 'वीटा' लिहिणाऱ्याला प्रत्यय बरोबर कळलेला असतो, पण शब्द चुकतो.

सराव 2 : वचन बदला
बांगडी, मोती, व्यक्ती

लाड बाजारातली बांगडी आणि पत्थरगट्टीवरचा मोती, दोन्ही 'ई'कारान्त. बांगडी स्त्रीलिंगी, म्हणून बांगड्या. तसेच गल्ली–गल्ल्या, नदी–नद्या. 'मोती' पुल्लिंगी आहे : पांढरा मोती, पांढरे मोती. शब्द तसाच राहतो. 'मोत्यांचा हार' कानावर असल्यामुळे मुले अनेकवचन 'मोत्या' लिहितात. पण 'मोत्यां-' हे विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी झालेले सामान्यरूप आहे. वचन बदलताना नाम प्रत्ययाशिवाय वापरून पाहावे : 'मोती सांडला', 'मोती सांडले'.

'व्यक्ती' स्त्रीलिंगी असूनही 'व्यक्त्या' होत नाही : एक व्यक्ती, दोन व्यक्ती. 'दृष्टी'चेही तसेच. मूळ संस्कृतात हे शब्द ऱ्हस्व इकारान्त आहेत आणि अशा शब्दांचे रूप बहुधा कायम राहते. 'स्त्री'चे मात्र 'स्त्रिया' होते, तेही ऱ्हस्व 'स्त्रि' लिहून.

सराव 3 : आधी लिंग, मग वचन
वाघ, मोर, व्याही, विळा

वाघ – वाघीण – वाघिणी. 'ईण' लागताना 'घी' दीर्घ; अनेकवचनात ती 'घि' होते. माळी–माळीण–माळिणी याच चालीचे.

मोर – लांडोर – लांडोरी. हिंदीतल्या 'मोरनी'वरून 'मोरीण' करू नये. इथे स्त्रीलिंगी शब्द वेगळाच आहे, जसे बैल–गाय, रेडा–म्हैस.

व्याही – विहीण – विहिणी. 'व्याहीण' नव्हे. पुल्लिंगी 'व्याही' अनेकवचनात 'मोती'सारखा तसाच राहतो.

विळा – विळी – विळ्या. घोडा–घोडी या जोडीसारखे रूप बरोबर आहे, पण इथे नर-मादी नाही. विळ्याने शेतात गवत कापतात, विळीवर स्वयंपाकघरात भाजी चिरतात. निर्जीव वस्तूंचे लिंग बदलले की पुष्कळदा आकार बदलतो, कधी वस्तूच बदलते. म्हणून उत्तर लिहिल्यावर त्याचे एक वाक्य करून पाहावे.

घरी सोडवा : जीभ, सायकल, हत्ती, शाळा यांचे वचन बदला.
उत्तरे : जिभा, सायकली, हत्ती, शाळा. शेवटचे दोन का बदलले नाहीत? 'हत्ती'चे कारण 'मोती'पाशी सापडेल. 'शाळा'सारखे 'आ'कारान्त स्त्रीलिंगी शब्द पुढच्या भागात पाहू.