बंद जबड्यांचा फोटो आधी माग

लॅबमध्ये नव्याने आलेल्या इंटर्नला,


उद्यापासून शॉपवरून येणारे मापांचे फोटो तपासायचं काम तुझ्याकडे येईल. मशीनवरचा ऑपरेटर नगाला व्हर्नियर कॅलिपर लावतो, मोबाइलने फोटो काढून पाठवतो आणि आपण त्यावरून माप वाचून रजिस्टरमध्ये लिहितो. यात अडचण अशी, की कॅलिपर आपल्या हातात नसतो. जबडे मिटवून बघता येत नाहीत आणि डोळा सरकवून रेघ पुन्हा तपासता येत नाही. म्हणून माझा एक नियम आहे. नगाच्या फोटोसोबत त्याच कॅलिपरचा, जबडे पूर्ण मिटलेला फोटो आल्याशिवाय माप लिहायचं नाही. या नियमामागचं कारण एका उदाहरणाने सांगतो.

आधी वाचायची रीत बघू. फ्रान्सच्या पिएर व्हर्निए यांनी १६३१ मध्ये मांडलेली कल्पना साधी आहे. मुख्य पट्टीवर एकेक मिलिमीटरच्या रेघा असतात. आपल्या कॅलिपरच्या सरकत्या पट्टीवर ४९ मिमी लांबीचे ५० सारखे भाग केलेले असतात. म्हणजे तिचा एक भाग ०.९८ मिमी, मुख्य पट्टीच्या भागापेक्षा ०.०२ मिमीने लहान. हेच या कॅलिपरचं लघुतम माप, लीस्ट काउंट. सरकत्या पट्टीचा शून्य मुख्य पट्टीवरची कोणती रेघ ओलांडून गेला आहे, त्यावरून पूर्ण मिलिमीटर मिळतात. सरकत्या पट्टीची कोणती रेघ समोरच्या रेघेशी तंतोतंत जुळते, त्यावरून उरलेला अंश मिळतो.

आता नगाचा फोटो घेऊ. गोल पिनेचा व्यास मोजला आहे आणि ड्रॉइंगवर २५.२५ मिमी, अधिक-उणे ०.१० असं लिहिलं आहे. म्हणजे २५.३५ पर्यंत पिन चालेल. फोटोत सरकत्या पट्टीचा शून्य २५ च्या रेघेच्या पुढे आहे आणि तिची १७ वी रेघ जुळलेली दिसते. १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४. रीडिंग झालं २५.३४.

लिहिण्याआधी दोन तपासण्या कर. पहिली नजरेची. अंश ०.३४ असेल, तर सरकत्या पट्टीचा शून्य २५ आणि २६ यांच्या मधल्या जागेत साधारण एक-तृतीयांश अंतरावर दिसायला हवा. तो २६ ला चिकटलेला दिसत असेल, तर काहीतरी चुकलं आहे. दुसरी तपासणी मोजणीची. या कॅलिपरवर जुळणारी रेघ मुख्य पट्टीच्या ठरलेल्या जागीच येते. पूर्ण मिलिमीटरमध्ये त्या रेघेचा क्रमांक मिळवला की ती जागा निघते. इथे २५ अधिक १७ म्हणजे ४२. फोटोत १७ वी रेघ ४२ मिमीच्या रेघेसमोर असेल, तर मोजणी बरोबर आहे. धूसर फोटोत एखादी रेघ कमी-जास्त मोजली गेली असेल, तर ती इथे पकडली जाते.

२५.३४ हे मर्यादेत बसतं. पण अजून सही करू नकोस. आता बंद जबड्यांचा फोटो उघड.

जबडे मिटल्यावर दोन्ही शून्य समोरासमोर यायला हवेत. या फोटोत सरकता शून्य मुख्य शून्याच्या किंचित डावीकडे आहे आणि ४७ वी रेघ जुळते आहे. बहुतेक जण इथेच घसरतात, ४७ गुणिले ०.०२ करून ०.९४ लिहून टाकतात. सरकता शून्य डावीकडे असेल, तर रेघा दुसऱ्या टोकाकडून मोजायच्या. ५० वजा ४७ म्हणजे ३, आणि तीन भागांची त्रुटी ०.०६ मिमी, तीही उणे. हा कॅलिपर शून्याच्या ०.०६ मागून मोजायला सुरुवात करतो, म्हणून प्रत्येक माप तेवढंच कमी दाखवतो. ते मिळवलं की पिनेचा खरा व्यास २५.४० येतो. पिन मर्यादेबाहेर गेली. त्रुटी न बघता ती पास झाली असती. चिन्ह चुकवून ०.०६ वजा केले असते, तर २५.२८ येऊन आणखी निर्धास्तपणे पास झाली असती.

सरकता शून्य उजवीकडे असेल, तर त्रुटी धन असते. तेव्हा जुळलेली रेघ सरळ मोजायची आणि येणारी त्रुटी रीडिंगमधून वजा करायची. जबड्यांत कीस किंवा घट्ट झालेलं ग्रीस अडकलं की अशी त्रुटी दिसते, म्हणून ऑपरेटरला आधी जबडे पुसून पुन्हा फोटो काढायला सांग. उणे त्रुटी बहुधा झिजलेल्या जबड्यांची असते, ती पुसून जात नाही. मिटलेले जबडे उजेडासमोर धरल्यावर मधून पाचरीसारखी उजेडाची फट दिसली, तर झीज सगळीकडे सारखी नाही. अशा वेळी नग जबड्यात कुठे धरला यावर त्रुटी बदलते, मग एकच आकडा मिळवून-वजा करून भागत नाही. तो कॅलिपर बाजूला काढायला सांग.

राहिला कॅमेऱ्याचा दोष. सरकत्या पट्टीची कड मुख्य पट्टीपेक्षा थोडी उंच असते. ही पायरी ०.३ मिमीची धर. मोबाइल १० सेंटिमीटरवर असेल आणि जुळणारी रेघ लेन्सच्या बरोबर खाली नसून दोन सेंटिमीटर बाजूला असेल, तर रेघ ०.०६ मिमीने सरकलेली दिसते. आपण शोधून काढलेली सगळी त्रुटी एवढीच होती! मोबाइल ३० सेंटिमीटरवर नेला, तर हा दोष ०.०२ वर येतो. म्हणून फोटो लांबून, झूम करून काढायचा. मोबाइल पट्टीला समांतर धरायचा आणि शून्य नव्हे, तर जुळणारी रेघ चौकटीच्या मधोमध ठेवायची. कॅमेरा पट्टीच्या लांबीच्या दिशेने, डावी-उजवीकडे कलला तर रीडिंग बदलतं. वर-खाली कलला तर फारसा फरक पडत नाही.

फोटो कातरलेला असेल, तर लेन्स कुठे होती ते कळत नाही, म्हणून पूर्ण फोटोच माग. व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, नाहीतर आकार कमी होताना बारीक रेघा पुसट होतात. शंका आली तर मोबाइल डावी-उजवीकडे थोडा सरकवून काढलेला दुसरा फोटो मागव. दोन्हींत वेगळी रेघ जुळत असेल, तर कोन रीडिंगमध्ये शिरला आहे.

रजिस्टरमध्ये तीन रकाने आहेत: फोटोतलं रीडिंग, चिन्हासह शून्य त्रुटी आणि दुरुस्त माप. या पिनेसाठी तिथे २५.३४, उणे ०.०६ आणि २५.४० असं येईल. बंद जबड्यांचा फोटो आला नसेल, तर मधला रकाना शून्य लिहून भरू नकोस. शून्य त्रुटी म्हणजे कॅलिपर तपासला आणि तो बरोबर निघाला. न तपासलेल्या कॅलिपरचा रकाना मोकळा ठेव, आणि तो मोकळा असेपर्यंत तिसरा रकानाही भरायचा नाही.

तुझा,
लॅब टेक्निशियन