पिशवीतला हिरवा रंग

बालवाडीत चाळीस मुलं, एक सतरंजी आणि पोस्टर रंगाच्या दोनच बाटल्या, पिवळी आणि निळी. ब्रश वाटले तर रंग पहिल्या दहा मुलांतच संपतो. त्यापेक्षा तो पिशवीत बंद करावा.

एक वाटी मैदा चार वाट्या पाण्यात शिजवून खळ करायची आणि पूर्ण गार होऊ द्यायची. तिच्या दोन वाटण्या करून एकीत पिवळा, दुसरीत निळा रंग कालवायचा. जाड पारदर्शक पिशवीच्या एका कोपऱ्यात तीन चमचे पिवळी खळ, समोरच्या कोपऱ्यात अर्धाच चमचा निळी. निळा पिवळ्याला चटकन गिळतो. समसमान घेतले तर हिरवा काळपट होतो. हवा काढून तोंड चिकटपट्टीने बंद करायचं आणि पिशवी पांढऱ्या कागदावर ठेवून चारही कडा फरशीला चिकटवायच्या. पाच मुलांत एक, अशा आठ पिशव्या पुरतात.

मुलं दाबतात, ढकलतात. मधोमध हिरवी रेघ उमटली की क्षणभर सगळे गप्प होतात. त्या वेळी बाईंनी रंगाचं नाव सांगायची घाई करू नये.

सगळं हिरवं झालं की पिशवीची पाटी होते. बोट फिरवलं की खळ बाजूला सरकून पांढरी रेघ दिसते, तळव्याने सारखं केलं की पुसते. रेघ उमटत नसेल तर खळ जास्त झाली. खळ दुसऱ्या दिवशी आंबते. पिशव्या त्याच दिवशी मोजून उचलाव्यात, मुलांच्या हाती सुटी पिशवी राहू देऊ नये.