कंडक्टर का थांबला?

बारा मिनिटांचा एक लघुपट कल्पून पाहू. एसटीचा उतारवयातला कंडक्टर एका ओसाड थांब्यावर गाडी थांबवतो. तिथे चढायला कोणी नाही, उतरायला कोणी नाही. प्रवासी कुरकुरतात, ड्रायव्हर मात्र सवयीने गप्प बसतो. थोड्या वेळाने कंडक्टर डबल बेल देतो आणि गाडी निघते. का थांबला, हे सांगायला फ्लॅशबॅक हवा. पण तो कधी आणायचा?

नवखे दिग्दर्शक तो पहिल्याच मिनिटाला आणतात. तिथे तो वाया जातो, कारण प्रेक्षकाला अजून प्रश्नच पडलेला नसतो. 'कॅसाब्लांका'मध्ये (१९४२) पॅरिसचे दिवस दिसतात ते इल्सा कॅफेत येऊन गेल्यावर. तिला पाहून रिक इतका का हलला, हे कळायची घाई आपल्याला तोवर झालेली असते. आपल्या लघुपटातही गाडी त्या थांब्यावर दोनदा, दोन वेगळ्या दिवशी थांबू द्यावी. दुसऱ्यांदा, साधारण पाचव्या मिनिटाला, कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीकडे जातो. डबल बेल ऐकू येते, पण ती आजची नाही, तेव्हाची. आवाज आधी आणि चित्र सेकंदभराने, त्यामुळे उडी कानाला आधी कळते. मग तोच हात, तीच दोरी, पण काखेत तिकिटांचा ट्रे आणि बोटांत पंच. आताच्या दृश्यात गळ्यात तिकिटाचं मशीन होतं. एवढ्यावर मराठी प्रेक्षक काळ ओळखतो. चित्र काळं-पांढरं करायची गरज नाही. 'वीस वर्षांपूर्वी' अशी पाटी टाकणं गुन्हा नाही, पण ती तारीख सांगते, कारण सांगत नाही.

आत काय दाखवायचं? मागच्या काचेतून एक मुलगी धावत येताना दिसते, हातात परीक्षेचं हॉलतिकीट. कंडक्टर घड्याळ बघतो आणि बेल देतो. दीड मिनिट पुष्कळ झालं. इथे मोह होतो मुलीच्या घरी जाण्याचा, रडणारी आई दाखवण्याचा. पण ते कंडक्टरने पाहिलेलंच नाही! आठवण त्याची असेल, तर कॅमेराही गाडीतच राहिला पाहिजे. नाहीतर हे कोण आठवतंय, असा गोंधळ उडतो.

परत येताना त्याच क्षणी यावं, दोरीवरच्या हातावर. मात्र आता तो बेल देत नाही, आणखी थोडा थांबतो. फ्लॅशबॅकनंतर वर्तमानात असं काही बदललं नाही, तर तो काढून टाकून चित्रपट पुन्हा बघावा. शेवट तसाच लागू पडत असेल, तर ते दीड मिनिट नकोच होतं.

काळाची उडी कळते का, हे संकलकाला विचारून उपयोग नाही, त्याला गोष्ट पाठ असते. कथा माहीत नसलेल्या कुणाला तरी बसवावं, उडीनंतर दहा सेकंदांनी चित्र थांबवावं आणि विचारावं, "हे आत्ताचं की आधीचं? आणि कोणाला आठवतंय?" पहिल्या प्रश्नाला तो अडखळला, तर खुणा कमी पडल्या. दुसऱ्याला अडखळला, तर दोष बहुधा फ्लॅशबॅकच्या आधीच्या दृश्यात असतो. दुरुस्ती तिथे करावी.