चिठ्ठी निघाली नकोशा घराची

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात दर वर्षी मार्च महिन्यात एक सोडत निघते. पहिलं वर्ष मुलं विद्यापीठाच्या जुन्या आवारात किंवा त्याच्या लगत राहतात. पुढची तीन वर्षं कुठल्या वसतिगृहात काढायची, ते मात्र चिठ्ठीवर ठरतं. अशी बारा वसतिगृहं आहेत आणि प्रत्येकाची ख्याती वेगळी. नऊ चार्ल्स नदीच्या बाजूला, वर्गांपासून जवळ. उरलेली तीन ‘क्वाड’ नावाच्या भागात, दीडेक किलोमीटर लांब. कडाक्याच्या थंडीत तिथून वर्गाला यायचं म्हणजे बसची वाट बघणं आलं. आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीत नाव निघालं नाही तर माणूस रिकाम्या हाताने परततो. इथे घर सगळ्यांनाच मिळतं, प्रश्न फक्त कुठलं मिळतं एवढाच. तरी त्या दिवशी कुणी नाचत असतं, तर कुणाला आपली तीन वर्षं वाया गेल्यासारखं वाटत असतं.

एलिझाबेथ डन, टिमथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांना या सोडतीत एक आयता प्रयोग दिसला. आयता अशासाठी की घर निवडणं मुलांच्या हातात नव्हतं. लोक स्वतः घर निवडतात तेव्हा आनंदी माणसं एका प्रकारची घरं घेतात आणि कुरकुरी माणसं दुसऱ्या प्रकारची, अशी शंका घ्यायला जागा राहते. चिठ्ठीने ती जागाच ठेवली नाही. संशोधकांनी मुलांना सोडतीआधीच विचारलं, की या बारांपैकी प्रत्येक घर मिळालं तर पुढच्या वर्षी तुम्ही किती आनंदी असाल? उत्तर एक ते सात या मापावर द्यायचं. नंतर चिठ्ठ्या निघाल्या, मुलं आपापल्या घरी राहायला गेली आणि वर्ष सरल्यावर संशोधकांनी त्यांना पुन्हा गाठून विचारलं, की आता किती आनंदी आहात?

सोडतीआधीच्या अंदाजांत हवं असलेलं घर आणि नको असलेलं घर यांच्यात मोठी दरी होती. प्रत्यक्षात ती दरी जवळपास नाहीशी झाली. हव्या घरातली मुलं त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा कमी खूश होती, नकोशा घरातली बरीच जास्त खूश होती आणि दोन्ही गट येऊन पोचले होते साधारण एकाच ठिकाणी. हा निबंध 2003 साली प्रसिद्ध झाला.

माणसाला नव्याची सवय होते, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. या अभ्यासाचं मोल त्यापलीकडे आहे. अंदाज नेमका कुठे चुकला, हे त्यात सापडतं. वसतिगृहातलं सुख दोन प्रकारच्या गोष्टींवर अवलंबून असतं. एक म्हणजे जागा: अंतर, खोल्यांचा आकार, जेवणाचा हॉल, इमारतीची शोभा. दुसरी म्हणजे माणसं: खोलीतल्या सोबत्यांशी जमतं का, त्या घरात आपलेपणा वाटतो का. प्रत्यक्षात मुलांचं सुख माणसांशी जोडलेलं निघालं. अंदाज बांधताना मात्र त्यांनी सगळा भार जागेवर टाकला होता. गंमत अशी की माणसं महत्त्वाची असतात हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण हार्वर्डमध्ये सोडतीआधीच मित्रांचा गट ठरतो आणि तो अख्खा गट एकाच घरी जातो. म्हणजे घर कुठलंही निघो, खोलीतले सोबती तेच राहणार होते. बाराही पर्यायांत जी गोष्ट सारखी, ती मुलांनी हिशेबातून वजा केली. तुलना करायची असेल तर ही वजाबाकी बरोबरच आहे. कुठलं घर जास्त चांगलं एवढंच ठरवायचं तर समान गोष्टी मोजून उपयोग नाही. पण ‘मी किती आनंदी असेन’ हा तुलनेचा प्रश्नच नव्हे. तिथे वजा केलेली गोष्टच उत्तराचा मोठा भाग असते.

आपल्याला पुढे काय वाटेल याच्या अंदाजाला मानसशास्त्रात ‘अफेक्टिव्ह फोरकास्टिंग’ म्हणतात आणि घटनेचा परिणाम असा फुगवून पाहण्याच्या खोडीला ‘इम्पॅक्ट बायस’. विल्सन आणि गिल्बर्ट यांनी नव्वदीच्या दशकापासून या विषयाचा पाठपुरावा केला. दिशा आपण क्वचित चुकवतो, हे लक्षात ठेवायला हवं. परीक्षेत नापास झाल्यावर वाईट वाटेल आणि नोकरी लागल्यावर आनंद होईल, हे आपल्याला बरोबर कळतं. चुकतो तो जोर आणि मुदत.

मुदत का चुकते, याचा एक चांगला प्रयोग विल्सन यांनी 2000 साली मांडला. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या फुटबॉलवेड्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, की आपला संघ अमुक सामना जिंकला किंवा हरला तर त्यानंतरचे काही दिवस तुम्हाला कसं वाटेल? अपेक्षेप्रमाणे मुलांनी दिवसचे दिवस टिकणारा आनंद आणि तेवढंच लांबलेलं दुःख रंगवलं. दुसऱ्या एका गटाला मात्र आधी एक वेगळं काम दिलं. पुढे येणाऱ्या एका साध्या दिवशी तुम्ही वर्गात किती वेळ असाल, अभ्यासाला किती द्याल, मित्रांबरोबर किती, हे लिहून काढा. त्यात सामन्याचा उल्लेखही नव्हता. हे लिहून झाल्यावर त्यांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांचे अंदाज बरेच खाली आले होते. फुटबॉलचं वेड कमी झालं नव्हतं; फक्त सामन्यानंतरच्या दिवसात आणखी काय काय असणार आहे, ते डोळ्यांसमोर आलं होतं. बारावीचा निकाल किंवा नीटचा कटऑफ यांची धास्ती घेतलेल्या घरात हाच प्रकार चालतो. निकालानंतरचा ऑगस्ट महिना कुणाच्याच डोळ्यांसमोर नसतो. असते ती फक्त निकालाची दुपार.

दुसरं कारण मनाच्या डागडुजीचं आहे. झालेल्या गोष्टीशी मन जुळवून घेतं, तिची चांगली बाजू शोधतं आणि हे काम इतकं गुपचूप चालतं की अंदाज बांधताना आपण ते धरतच नाही. गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी 2002 साली हे छायाचित्रणाच्या एका वर्गात तपासलं. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेले दोन फोटो स्वतः धुऊन मोठे केले. त्यातला एक ठेवायचा, दुसरा द्यायचा. काहींना सांगितलं, की काही दिवसांत विचार बदलला तर फोटो बदलून मिळेल. काहींना सांगितलं, की निर्णय कायमचा. नंतर पाहिलं तर ज्यांना बदलायची मुभा नव्हती त्यांना आपला फोटो जास्त आवडत होता. मुभा असलेल्यांचं मन त्या दोन फोटोंत अडकून राहिलं होतं. असा काही फरक पडेल, हे आधी कुणाला वाटलं नव्हतं. उलट दोन्हीपैकी काय हवं असं विचारल्यावर बहुतेकांनी फोटो बदलायची सोयच मागितली!

इथवरची कहाणी ‘स्टम्बलिंग ऑन हॅपिनेस’ या गिल्बर्ट यांच्या 2006 सालच्या पुस्तकामुळे बरीच लोकप्रिय झाली. त्यानंतर तिच्यावर घेतला गेलेला आक्षेप तेवढा कुणी सांगत नाही आणि मला तर तोच भाग जास्त मोलाचा वाटतो. 2012 साली लिंडा लिव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नांच्या शब्दांवर बोट ठेवलं. अंदाज घेताना विचारतात, ‘तुमचा उमेदवार हरला तर तुम्हाला कसं वाटेल?’ निकालानंतर मात्र विचारतात, ‘सध्या एकंदरीत कसं वाटतं?’ पहिला प्रश्न ऐकणारा साहजिकच हरण्याबद्दल काय वाटेल ते सांगतो. दुसऱ्याला उत्तर देताना कालची झोप, आजचं जेवण, पाठदुखी असं सगळं मिसळून उत्तर येतं. मग दोन उत्तरं जुळली नाहीत, तर त्यात माणसाची चूक किती आणि प्रश्नाची किती? लिव्हाइन यांनी दोन्ही वेळा घटनेबद्दलच विचारलं, तेव्हा लोकांचे अंदाज चांगलेच जुळले.

विल्सन आणि गिल्बर्ट यांनी याला उत्तर दिलं. आपल्या अनेक प्रयोगांत प्रश्न नेमके होते आणि तरीही फुगवटा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. वाद पुढे चालू राहिला. पण त्यातून जे चित्र हळूहळू स्पष्ट झालं ते दोन्ही बाजूंपेक्षा अधिक उपयोगाचं आहे. घटना आठवल्यावर किती बोचेल किंवा किती आनंद होईल, हे आपण बऱ्यापैकी ओळखतो. ती किती वेळा आठवेल आणि आपला एकंदर मूड किती व्यापेल, इथे मात्र आपण फसतो. हरलेल्या उमेदवाराचं नाव निघालं की समर्थकाला खरोखरच तेवढंच वाईट वाटतं. फक्त ते नाव दिवसातून एकदोनदाच निघतं. फुटबॉलच्या विद्यार्थ्यांनी दिवसाचा तक्ता मांडल्यावर त्यांचे अंदाज का सुधारले, तेही यावरून कळतं.

याच कसोटीने एक प्रसिद्ध दंतकथाही तपासता येते. लॉटरी लागलेले लोक आणि अपघातात अपंग झालेले लोक वर्षभराने सारखेच सुखी असतात, असं भाषणांतून सर्रास ऐकू येतं. आधार म्हणून फिलिप ब्रिकमन यांच्या 1978 सालच्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. त्या अभ्यासात अपघातग्रस्त अवघे 29 होते आणि शून्य ते पाच या मापावर त्यांचं सुख 2.96 आलं, तर शेजारपाजारच्या सामान्य लोकांचं 3.82. म्हणजे सारखं नव्हेच. अपघातग्रस्तांची स्थिती लोकांना वाटेल त्यापेक्षा बरी निघाली, इतकंच त्यातून म्हणता येतं.

जर्मनीत 1984 पासून हजारो लोकांना दर वर्षी त्यांच्या समाधानाबद्दल विचारलं जातं. तिथली आकडेवारी रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी तपासली. लग्नाने मिळालेली सरासरी उभारी काही वर्षांत ओसरलेली दिसते. जोडीदार गेल्यानंतर पूर्वपदाला यायला सरासरी सात-आठ वर्षं लागतात. आणि बेकारी आलेल्या माणसांचं समाधान नवी नोकरी लागल्यावरही पूर्णपणे जुन्या पातळीला पोचत नाही. सामना किंवा सोडत एका दिवसात होऊन जाते. बेकारी रोज सकाळी, सगळे कामाला निघतात त्या वेळी पुन्हा समोर येते. त्यानंतर भाड्याच्या तारखेला, नातेवाइकाच्या चौकशीत आणि अर्जाला न आलेल्या उत्तरातही ती भेटतेच.